पासबुकातील पीएफचे व्याज महिन्यागणिक कसे पडताळावे

कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात वर्षाच्या शेवटी व्याजाची एक ओळ येते आणि त्या ओळीत दोन आकडे असतात: एक कर्मचाऱ्याच्या हिश्श्यावरील व्याजाचा आणि दुसरा मालकाच्या हिश्श्यावरील व्याजाचा. हे आकडे कसे निघाले, ते पासबुकात कोठेही दिलेले नसते. त्यामुळे बहुतेक सभासद वर्षअखेरच्या शिलकेला व्याजदराने गुणून पाहतात, उत्तर जुळत नाही, आणि मग खात्यात काहीतरी घोळ आहे असे तरी समजतात किंवा तो नाद सोडून देतात. वास्तविक व्याजाचा गुणाकार सहसा चुकत नाही. चूक असली, तर ती ज्या रकमांवर व्याज धरले त्या रकमांत, त्या जमा झाल्याच्या महिन्यात किंवा मालकाच्या हिश्श्यातून पेन्शनकडे गेलेल्या भागात असते. हिशेब मासिक शिलकेवर मांडला, तर फरक किती रुपयांचा आहे यावरूनच तो कोणत्या महिन्यात शिरला हे बऱ्याचदा सांगता येते, आणि तसे करता यावे यासाठीच ही मांडणी आहे.

येथे चालू नोकरीतील, ज्याचा पीएफ थेट भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे भरला जातो अशा सभासदाचे खाते गृहीत धरले आहे. काही मोठ्या कंपन्यांना सूट मिळालेली असते आणि त्यांचा पीएफ त्यांच्याच विश्वस्त मंडळाकडे असतो. अशा सभासदांनी पासबुकाऐवजी त्या मंडळाचे वार्षिक विवरणपत्र घ्यावे. उदाहरणासाठी २०२३-२४ हे वर्ष घेतले आहे, कारण त्याचा ८.२५ टक्के हा दर निश्चित होऊन व्याजही खात्यांत जमा झालेले आहे. त्याआधीच्या २०२२-२३ चा दर ८.१५ टक्के आणि २०२१-२२ चा ८.१० टक्के होता. पडताळणी ज्या वर्षाची असेल, त्या वर्षाचाच दर घ्यावा. मागच्या वर्षाचा दर पुढे ओढला की सगळा हिशेब पहिल्याच ओळीपासून वाकडा होतो.

काय काय समोर हवे

`passbook.epfindia.gov.in` या संकेतस्थळावर यूएएन आणि पासवर्ड टाकून त्या वर्षाचे आणि त्याच्या आधीच्या वर्षाचे अशी दोन्ही पासबुके उतरवून घ्यावीत. नुसता एकूण शिलकेचा गोषवारा पुरत नाही; प्रत्येक महिन्याची ओळ दिसणारे सविस्तर पासबुकच हवे. त्याबरोबर मार्च २०२३ ते फेब्रुवारी २०२४ या बारा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा काढून ठेवाव्यात. एप्रिल ते मार्च न घेता मार्च ते फेब्रुवारी हे महिने का घ्यायचे, ते लगेच पुढे येते.

सर्वांत आधी आधीच्या वर्षाच्या पासबुकातील व्याजासह अखेरची शिल्लक आणि चालू वर्षाच्या पासबुकात `OB Int. Updated upto 31/03/2023` या ओळीसमोर असलेली आरंभीची शिल्लक दोन्ही हिश्श्यांसाठी स्वतंत्रपणे ताडून पाहावी. हे दोन आकडे एकच असले पाहिजेत. व्याजदराला मंजुरी मिळून प्रत्यक्ष नोंद पडेपर्यंत कित्येकदा पुढील वर्षाचे काही महिने उलटतात. तरी व्याज ३१ मार्चच्याच तारखेने धरले जात असल्याने उशिरा पडलेल्या नोंदीमुळे सभासदाचे नुकसान होत नाही. मात्र आधीच्या वर्षाचे व्याज मिळण्यापूर्वी छापून ठेवलेल्या जुन्या प्रतीवरून हिशेब केला, तर आरंभीची शिल्लकच कमी धरली जाते. म्हणून पासबुक नेहमी ताजे उतरवलेले असावे.

वेतनाचा महिना आणि भरण्याचा महिना

सर्वाधिक गोंधळ येथे होतो, म्हणून येथे थोडे थांबू. मार्च महिन्याच्या पगारातून कापलेला पीएफ मालकाने १५ एप्रिलपर्यंत भरायचा असतो. पासबुकात त्या ओळीत वेतनाचा महिना म्हणून मार्च दिसतो, पण तपशिलात `Cont. For Due-Month 042023` असे लिहिलेले असते, म्हणजे भरण्याचा महिना एप्रिल. त्यामुळे २०२३-२४ या वर्षाच्या पासबुकात मार्च २०२३ च्या पगारावरील वर्गणी पहिली येते आणि फेब्रुवारी २०२४ च्या पगारावरील वर्गणी शेवटची. मार्च २०२४ च्या पगारावरील वर्गणी पुढील वर्षाच्या पासबुकात जाते.

आता व्याजाचा नियम पाहू. १९५२ च्या योजनेतील परिच्छेद ६० नुसार व्याज मासिक शिलकेवर मोजले जाते, आणि वर्षभरात जमा झालेल्या प्रत्येक रकमेवर ते जमा झालेल्या महिन्याच्या पुढील महिन्याच्या पहिल्या तारखेपासून वर्षअखेरपर्यंत मिळते. आरंभीच्या शिलकेवर पूर्ण बारा महिने व्याज मिळते. म्हणजे एप्रिलमध्ये जमा झालेल्या, पण पगार मार्चचा असलेल्या वर्गणीवर मे ते मार्च असे अकरा महिने व्याज मिळते. मे महिन्यात जमा झालेल्या वर्गणीवर दहा महिने. आणि मार्च २०२४ मध्ये जमा झालेल्या वर्गणीवर त्या वर्षात काहीच मिळत नाही. सोप्या शब्दांत सांगायचे तर प्रत्येक महिन्याचे व्याज त्या महिन्यातील वर्गणी मिळवण्यापूर्वीच्या शिलकेवर निघते. महिन्यागणिक असे मोजलेले व्याज दरमहा खात्यात मिसळत नाही. बाराही महिन्यांचे व्याज एकत्र करून ३१ मार्चला एकदाच जमा होते. त्यामुळे वर्षाच्या आत व्याजावर व्याज धरायचे नाही.

मालकाच्या बारा टक्क्यांचे काय होते

कर्मचाऱ्याचे बारा टक्के पूर्णपणे त्याच्या पीएफ खात्यात जातात. मालकही बारा टक्के भरतो, परंतु त्यातील ८.३३ टक्के भाग आधी पेन्शन योजनेकडे जातो आणि उरलेलाच पीएफ खात्यात येतो. पेन्शनच्या भागासाठी १ सप्टेंबर २०१४ पासून वेतनाची मर्यादा १५,००० रुपये आहे. १५,००० चे ८.३३ टक्के १,२४९ रुपये ५० पैसे होतात आणि पूर्णांकात १,२५० धरले जातात. वेतन १५,००० च्या वर कितीही असले, तरी सामान्यतः पेन्शनकडे जाणारी रक्कम यापुढे वाढत नाही. प्रत्यक्ष वेतनावर वाढीव पेन्शनसाठी ज्यांचा पर्याय मान्य झाला आहे, त्यांचा हिशेब वेगळा असतो आणि तो येथे घेतलेला नाही.

म्हणून मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २०,००० रुपये असतील आणि मालक पूर्ण वेतनावर पीएफ भरत असेल, तर कर्मचाऱ्याच्या स्तंभात २,४००, पेन्शनच्या स्तंभात १,२५० आणि मालकाच्या स्तंभात या दोहोंतील फरक, म्हणजे १,१५० रुपये दिसले पाहिजेत. मालकाचा हिस्सा ३.६७ टक्के असतो हे जे सर्रास सांगितले जाते, ते वेतन १५,००० पर्यंत असतानाच खरे ठरते. २०,००० चे ३.६७ टक्के ७३४ होतात. तो आकडा धरून पासबुकाशी ताडणाऱ्याला नोंद चुकीची वाटते, पण ती बरोबर असते. खात्रीची रीत एकच आहे: मालकाच्या एकूण वर्गणीतून पेन्शनची रक्कम वजा करावी.

वजाबाकी करण्यापूर्वी मात्र मालकाची एकूण वर्गणी किती वेतनावर आहे हे पगाराच्या स्लिपेवरून ठरवून घ्यावे. काही आस्थापना कर्मचाऱ्याकडून पूर्ण वेतनावर बारा टक्के कापतात, पण स्वतःची वर्गणी १५,००० पर्यंतच मर्यादित ठेवतात. तेथे मालकाचे एकूण १,८०० होतात आणि पेन्शनचे १,२५० गेल्यावर पीएफमध्ये ५५० येतात. कर्मचाऱ्याने स्वेच्छेने जास्त वर्गणी दिली असेल, तर तीही त्याच्याच स्तंभात बसते आणि मालकावर तेवढीच रक्कम भरण्याचे बंधन नसते.

बिनपगारी रजेच्या महिन्यात ही विभागणी बदलते. वर्षातील एका महिन्यात २०,००० ऐवजी १२,००० रुपयेच वेतन मिळाले, तर कर्मचाऱ्याचे १,४४०, पेन्शनचे ९९९ रुपये ६० पैसे म्हणजे १,०००, आणि मालकाचे ४४० होतात. अशा महिन्यात पेन्शनच्या स्तंभात सवयीने १,२५० पडलेले दिसले, तर मालकाने मासिक विवरणपत्रात पेन्शनपात्र वेतन चुकीचे भरले आहे असे समजावे.

पेन्शनच्या स्तंभातील रकमेवर पासबुकात व्याज मिळत नाही, कारण ती सभासदाच्या वैयक्तिक शिलकेत राहत नाही, सामाईक पेन्शन निधीत जाते आणि पेन्शन सेवेची वर्षे व वेतन यांच्या सूत्राने ठरते. त्यामुळे त्या स्तंभात व्याज शून्य दिसले म्हणून काळजी करू नये. त्या स्तंभात पाहायचे ते इतकेच की रक्कम तेथे जायलाच हवी होती का. जो कर्मचारी १ सप्टेंबर २०१४ रोजी किंवा त्यानंतर प्रथमच पीएफचा सभासद झाला आणि त्या वेळी ज्याचे वेतन १५,००० च्या वर होते, तो पेन्शन योजनेत येत नाही. त्याच्या मालकाचे बाराच्या बारा टक्के पीएफमध्ये जमा झाले पाहिजेत. वयाची ५८ वर्षे पूर्ण झाल्यावरही पेन्शनचा भाग सहसा थांबतो आणि सगळी रक्कम पीएफकडे वळते. अशा सभासदाचे १,२५० रुपये दरमहा चुकून पेन्शनकडे गेले, तर वर्षभरात पीएफच्या शिलकेत १५,००० रुपये कमी पडतात आणि त्यावरचे सुमारे ५६७ रुपयांचे व्याजही हुकते.

एक पूर्ण हिशेब

चाकणमधील एका कारखान्यातील सभासद समजू. १ एप्रिल २०२३ रोजी त्याच्या स्वतःच्या हिश्श्यात १,८०,००० आणि मालकाच्या हिश्श्यात ८२,००० रुपये आहेत. मार्च ते ऑगस्ट २०२३ या महिन्यांचे पीएफपात्र वेतन २०,००० आहे. सप्टेंबरपासून ते २२,५०० झाले. पहिल्या सहा महिन्यांची विभागणी वर दिली तशी २,४००, १,२५० आणि १,१५०. वाढीनंतर कर्मचाऱ्याचे २,७००, पेन्शनचे तेच १,२५० आणि मालकाचे १,४५०. वाढ सप्टेंबरच्या पगारात मिळाली असली, तरी खात्यात ती ऑक्टोबरच्या भरण्यात दिसते आणि तिच्यावर व्याज नोव्हेंबरपासून सुरू होते.

खालील कोष्टकात प्रत्येक महिन्यासमोर त्या महिन्यात व्याजास पात्र असलेली, म्हणजे त्या महिन्याची वर्गणी मिळवण्यापूर्वीची शिल्लक दिली आहे.

| महिना | कर्मचाऱ्याचा हिस्सा | मालकाचा हिस्सा |
|---|---|---|
| एप्रिल २०२३ | १,८०,००० | ८२,००० |
| मे | १,८२,४०० | ८३,१५० |
| जून | १,८४,८०० | ८४,३०० |
| जुलै | १,८७,२०० | ८५,४५० |
| ऑगस्ट | १,८९,६०० | ८६,६०० |
| सप्टेंबर | १,९२,००० | ८७,७५० |
| ऑक्टोबर | १,९४,४०० | ८८,९०० |
| नोव्हेंबर | १,९७,१०० | ९०,३५० |
| डिसेंबर | १,९९,८०० | ९१,८०० |
| जानेवारी २०२४ | २,०२,५०० | ९३,२५० |
| फेब्रुवारी | २,०५,२०० | ९४,७०० |
| मार्च | २,०७,९०० | ९६,१५० |
| बेरीज | २३,२२,९०० | १०,६४,४०० |

या बेरजेला ८.२५ ने गुणून १,२०० ने भागायचे. कर्मचाऱ्याच्या हिश्श्याचे उत्तर १५,९६९ रुपये ९४ पैसे येते आणि जवळच्या पूर्ण रुपयात १५,९७० होते. मालकाच्या हिश्श्याचे ७,३१७ रुपये ७५ पैसे येते आणि ७,३१८ होते. पासबुकातील `Int. Updated upto 31/03/2024` या ओळीत हेच दोन आकडे दिसले पाहिजेत. वर्षभराच्या वर्गण्या मिळवून कर्मचाऱ्याचा हिस्सा २,१०,६०० आणि व्याजासह २,२६,५७० होतो. मालकाचा ९७,६०० आणि व्याजासह १,०४,९१८. पेन्शनच्या स्तंभात बारा वेळा १,२५०, म्हणजे १५,००० दिसतात आणि ते या शिलकेत मिळवायचे नाहीत. एखाद्या रुपयाचा फरक पूर्णांकातून येऊ शकतो, त्याच्या मागे लागू नये.

कोष्टकातील बेरीज चुकली नाही ना, हे दुसऱ्या वाटेने तपासता येते. आरंभीच्या १,८०,००० वर बारा महिन्यांचे व्याज १४,८५० होते. दरमहा सारखी वर्गणी असेल, तर तिच्यावरील व्याजाचे महिने अकरा, दहा, नऊ असे शून्यापर्यंत उतरत जातात आणि त्यांची बेरीज ६६ होते. २,४०० रुपयांवर एका महिन्याचे व्याज १६ रुपये ५० पैसे, म्हणून ६६ महिन्यांचे १,०८९. उरलेली ३०० रुपयांची वाढ शेवटच्या सहा भरण्यांत आहे. तिचे महिने पाच, चार, तीन, दोन, एक आणि शून्य, एकूण १५, आणि व्याज सुमारे ३१ रुपये. तिन्ही मिळून पुन्हा १५,९७० येतात. ज्यांना कोष्टक मांडण्याचा कंटाळा आहे, त्यांनी ही ६६ ची रीत आधी करून पाहावी. पाच मिनिटांत अंदाज येतो.

वर्षात रक्कम काढली असेल तर

समजा याच सभासदाने आजारपणासाठी डिसेंबर २०२३ मध्ये ४०,००० रुपये काढले. पासबुकात ही नोंद `DR` प्रकारात आणि तपशिलात परिच्छेद 68J च्या उल्लेखासह येते, आणि ही उचल कर्मचाऱ्याच्या हिश्श्यातून होते. नियम असा आहे की काढलेल्या रकमेवर वर्षारंभापासून, ज्या महिन्यात ती काढली त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत व्याज मिळते. म्हणजे नोव्हेंबरअखेरपर्यंत ४०,००० वर व्याज आहे. डिसेंबरच्या अगदी शेवटच्या आठवड्यात पैसे निघाले असले, तरी डिसेंबरचे नाही.

म्हणून कोष्टकात डिसेंबरपासूनच्या चारही ओळींतून ४०,००० वजा करायचे. बेरीज १,६०,००० ने घटते आणि व्याज बरोबर १,१०० रुपयांनी कमी होऊन १४,८७० होते. अनेक जण वर्गणीचाच नियम येथेही लावतात आणि वजावट जानेवारीपासून धरतात. मग त्यांचे उत्तर पासबुकापेक्षा २७५ रुपयांनी जास्त येते. जमा रक्कम पुढील महिन्यापासून मोजली जाते आणि काढलेली रक्कम त्याच महिन्यापासून वगळली जाते, ही दोन टोके वेगळी आहेत. रक्कम दोन्ही हिश्श्यांतून निघाली असेल, तर पासबुकात ज्या स्तंभातून जितकी वजा दिसते, त्याच स्तंभात तितकीच वजावट करावी.

फरकाचा आकडा काय सांगतो

पासबुक आणि आपला हिशेब जुळला नाही, तर आधी आपली मांडणी तपासावी. वरच्या उदाहरणात वर्गणी एक महिना आधीपासून धरली, म्हणजे महिन्याच्या अखेरची शिल्लक घेतली, तर कर्मचाऱ्याच्या हिश्श्याचे व्याज सुमारे २१० रुपयांनी जास्त निघते. हा आकडा म्हणजे वर्षभरातील एकूण वर्गणी ३०,६०० वर एका महिन्याचे व्याज. आपले उत्तर पासबुकापेक्षा नेमके एवढ्याच फरकाने जास्त असेल, तर दोष पासबुकात नसून भरण्याचा महिना आणि वेतनाचा महिना यांची सरमिसळ झाली आहे.

हे निस्तरल्यावरही फरक उरला, तर त्याला एका वर्गणीच्या एका महिन्याच्या व्याजाने भागून पाहावे. समजा बाराही नोंदी आहेत, जमा रकमांची बेरीजही जुळते, पण कर्मचाऱ्याच्या हिश्श्याचे व्याज १५,९७० ऐवजी १५,८५४ आणि मालकाच्या हिश्श्याचे ७,३१८ ऐवजी ७,२६२ दिसते. पहिला फरक ११६. त्याला १६ रुपये ५० पैशांनी भागले की सात येतात. दुसरा फरक ५६. मालकाच्या १,१५० वर एका महिन्याचे व्याज ७ रुपये ९१ पैसे, आणि भागाकार पुन्हा सातच्या आसपास. दोन्ही हिश्श्यांनी एकच उत्तर दिले, म्हणजे एखाद्या वर्गणीवरचे सात महिन्यांचे व्याज मिळालेले नाही. आता सात महिने व्याज मिळायला हवे होते, अशी वर्गणी ऑगस्टमध्ये जमा व्हायची वर्गणी असते, सप्टेंबर ते मार्च. त्या ओळीतील व्यवहाराची तारीख पाहावी. जुलैच्या पगारावरचा पीएफ मालकाने मार्च २०२४ मध्ये भरला असेल, तर परिच्छेदाच्या शब्दांप्रमाणे त्या वर्गणीवर त्या वर्षात व्याज नाही, आणि फरकाचे कारण तेच.

फरक एकाच हिश्श्यात असेल, तर तपासाची दिशा बदलते. कर्मचाऱ्याचे व्याज जुळते आणि फक्त मालकाचे कमी पडते, तर भरणा वेळेवर झाला आहे, पण एखाद्या महिन्यात पेन्शनकडे जास्त रक्कम गेली आहे. अशा वेळी व्याजाचा विचार बाजूला ठेवून तिन्ही स्तंभ महिन्यागणिक पाहावेत. मालकाचा हिस्सा आणि पेन्शन यांची बेरीज कर्मचाऱ्याच्या रकमेइतकी नाही, किंवा आहे पण पेन्शन अपेक्षेपेक्षा वेगळी आहे, असा महिना लगेच सापडतो. फरक हजारांत असेल, तर व्याज मोजत बसू नये. बहुधा एखादी नोंदच नाही, आरंभीची शिल्लक चुकली आहे, किंवा जुन्या नोकरीची रक्कम वळती व्हायची राहिली आहे.

वळत्या रकमेबद्दल एवढे लक्षात ठेवावे की जुन्या खात्यातून आलेल्या कर्मचाऱ्याच्या आणि मालकाच्या रकमा नव्या पासबुकात जमेस दिसतात, पण पेन्शनच्या स्तंभात सहसा शून्य असते. पेन्शन योजनेत रक्कम वळती होत नाही, सेवेची नोंद वळती होते. ती सभासदाच्या सेवा इतिहासात तपासावी. ज्यांची स्वतःची वर्गणी वर्षाला अडीच लाखांच्या वर जाते, त्यांच्या खात्याचे २०२१-२२ पासून करपात्र आणि करमुक्त असे दोन भाग ठेवले जातात. अशा सभासदांनी दोन्ही भागांची शिल्लक एकत्र करून वरील रीत लावावी.

संगणकावर मांडताना

स्प्रेडशीटमध्ये A स्तंभात भरण्याचा महिना, B मध्ये वेतन, C मध्ये कर्मचाऱ्याची वर्गणी, D मध्ये पेन्शन, E मध्ये मालकाची वर्गणी, F मध्ये कर्मचाऱ्याच्या हिश्श्यातून काढलेली रक्कम, आणि G व H मध्ये दोन्ही हिश्श्यांची व्याजास पात्र शिल्लक ठेवावी. दुसऱ्या ओळीत एप्रिल येतो. G2 मध्ये आरंभीच्या शिलकेतून एप्रिलमध्ये काढलेली रक्कम वजा करून, आणि H2 मध्ये मालकाची आरंभीची शिल्लक हाताने भरावी. पहिली तीन सूत्रे दुसऱ्या ओळीपासून आणि G3, H3 ची सूत्रे तिसऱ्या ओळीपासून खाली तेराव्या ओळीपर्यंत ओढावीत.

```
C2:  =ROUND(B2*12%,0)
D2:  =ROUND(MIN(B2,15000)*8.33%,0)
E2:  =C2-D2
G3:  =G2+C2-F3
H3:  =H2+E2
G15: =ROUND(SUM(G2:G13)*8.25/1200,0)
H15: =ROUND(SUM(H2:H13)*8.25/1200,0)
```

मालकाची वर्गणी १५,००० पर्यंतच मर्यादित असेल, तर E2 चे सूत्र बदलून `=ROUND(MIN(B2,15000)*12%,0)-D2` असे करावे. पेन्शन योजनेत नसलेल्या सभासदाने D स्तंभात सरळ शून्य घालावे. सूत्रांनी आलेले C, D, E चे आकडे पासबुकाशी ओळीओळीने ताडावेत आणि ते जुळल्यावरच व्याजाकडे वळावे. घाईने पासबुकातलेच आकडे उचलून तक्त्यात टाकले, तर व्याज जुळेल, पण मुळात कमी वेतनावर भरणा झालेला असेल तर तो कधीच उघड होणार नाही.

चूक सापडल्यावर

वेतन, पेन्शनची विभागणी किंवा न भरलेला महिना या चुका मालकाने सादर केलेल्या मासिक विवरणपत्रातून येतात, म्हणून पहिला अर्ज आस्थापनेच्या पगार विभागाकडे लेखी द्यावा. त्यात महिना, पगाराच्या स्लिपेवरील कपात आणि पासबुकातील रक्कम असे तीन आकडे शेजारी शेजारी मांडावेत. मालकाला राहिलेल्या फरकाचे पूरक विवरणपत्र आणि चलन भरता येते. उशिरा भरलेल्या रकमेवर संघटना मालकाकडून कायद्याच्या कलम ७क्यू खाली वार्षिक १२ टक्के दराने व्याज आणि कलम १४बी खाली वेगळी नुकसानभरपाई वसूल करते. या वसुलीच्या रकमा सभासदाच्या पासबुकात दिसत नाहीत, त्यामुळे त्या तेथे शोधू नयेत.

मालकाकडून उत्तर येत नसेल, किंवा नोंदी बरोबर असूनही व्याजच चुकलेले असेल, तर `epfigms.gov.in` वर तक्रार नोंदवावी. तक्रारीत व्याज कमी मिळाले एवढेच मोघम लिहिले, तर उत्तरही मोघम येते. कोणत्या वर्षाचे व्याज, कोणता हिस्सा, पासबुकातील आकडा, आपल्या हिशेबातील आकडा आणि ज्या महिन्याच्या नोंदीवर संशय आहे त्या ओळीचा भरण्याचा महिना व व्यवहाराची तारीख, इतके लिहून मासिक शिलकेचा तक्ता आणि संबंधित महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा जोडाव्यात. समक्ष बोलायचे असेल, तर दर महिन्याच्या २७ तारखेच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत ‘निधि आपके निकट’ हा संघटनेचा कार्यक्रम असतो. तेथेही हाच तक्ता न्यावा. दुरुस्ती झाल्यावर पासबुक पुन्हा उतरवून नवी वर्गणी कोणत्या भरण्याच्या महिन्यात पडली ते पाहावे आणि त्या वर्षाचे व्याज पुन्हा मोजावे, कारण रक्कम आली तरी मागील महिन्यांचे व्याज आपोआप आले असेलच असे नाही.